बादलीतली साय

आमच्या बाल्कनीत एक निळी बादली आहे, वीस लिटरची. एरवी तिच्यात फरशी पुसायचं फडकं असतं, पण भाद्रपदात तिला मान असतो. घासूनपुसून, तळाशी दूर्वा टाकून ती भरली जाते आणि आमचा पाच दिवसांचा गणपती गौरींबरोबर तिच्यात जातो. नदीवर जाणं आम्ही बरीच वर्षं झाली सोडलं. घरच्या घरी विसर्जन करायचं म्हणजे मूर्ती मातीचीच हवी, एवढं आम्हाला कळत होतं. ती मातीची आहे हे ओळखायचं कसं, ते मात्र या बादलीनेच शिकवलं. त्यातही दोन वर्षं गेली.

पहिल्या वर्षी मी मूर्ती आणली ती रस्त्यावरच्या मांडवातून. पाटी होती, ‘१००% शाडू, पाण्यात विरघळणारी’. मूर्ती देखणी होती. चारही हात अंगापासून सुटे, बोटं निमुळती, उपरण्याचं टोक वाऱ्यावर उडालेलं. आता वाटतं, तिथेच शंका यायला हवी होती. कच्च्या मातीला एवढं सुटं, पातळ टोक पेलत नाही, वाळताना ते तडकतं नाही तर गळून पडतं. म्हणून मातीच्या गणपतीचे हात अंगाला धरून असतात, सोंड पोटावर टेकलेली असते आणि उपरणं पाठीला चिकटलेलं असतं. पण मांडवात उभं राहून बाईमाणूस काय बघतं? डोळे. डोळ्यांची आखणी फार सुंदर होती.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर गणपती बादलीत जसाच्या तसा बसलेला. तिसऱ्या दिवशीही तसाच. चौथ्या दिवशी मी हात जोडून, मनात माफी मागून, त्याचा एक हात हलवून पाहिला. तो कोपरातून तुटला आणि आतून काथ्या बाहेर आला. नारळाचा काथ्या, पांढऱ्याफटक भुकटीत गुंडाळलेला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

पुढचे दोन आठवडे मी त्या मूर्तीचं करायचं काय, हे शोधत होते. त्यात एक गंमत कळली. पाटीवर लिहिलेलं ‘पाण्यात विरघळणारी’ हे शाडूच्या मूर्तीला लागूच पडत नाही. माती विरघळत नाही, सुटते. तिचे कण एकमेकांना धरून असतात, पाणी मध्ये शिरलं की ते हात सोडतात आणि तळाशी बसतात. पाणी ओतून दिलं तर माती तशीच्या तशी परत मिळते. खऱ्या अर्थाने विरघळतं ते प्लास्टर, पण इतकं कमी की त्याचा उपयोग नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवलं की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं आणि त्याचं पुन्हा जिप्सम होतं. हे जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे माझ्या वीस लिटरच्या बादलीत फार तर पन्नास ग्रॅम. मूर्तीत दोन किलो प्लास्टर धरलं तर ते पुरतं विरघळायला आठशे ते हजार लिटर पाणी लागेल, गच्चीवरची अख्खी टाकी. तरी काथ्या आणि रंग उरणारच.

शेवटी ती मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये गेली. ही पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि महापालिका ती पावडर वाटतेही. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात टाकायची, मूर्ती बुडवायची आणि अधूनमधून ढवळत राहायचं. एकदोन दिवसांत तळाशी खडूसारखा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, म्हणजे एक प्रकारचं खतच. भरपूर पाणी मिसळून ते झाडांना घालता येतं. बाल्कनीभर अमोनियाचा वास सुटतो, त्याची तयारी ठेवावी. आमच्या शेजाऱ्यांची नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते. मूर्ती उचलून बघितली, हाताला जड लागली. हात अंगाला धरलेले होते. दुकानदाराने बैठकीखालचा भाग दाखवला, तो करडा होता. ही मूर्ती खरंच शाडूची निघाली. तरी बादलीने पुन्हा धडा दिलाच. दुसऱ्या दिवशी आतली माती सुटून तळाशी बसली होती आणि वर तरंगत होती साय. गुलाबी, पोपटी आणि सोनेरी. मूर्तीवरचा रंग जसाच्या तसा, अखंड कातडीसारखा सुटून पाण्यावर आला होता. पीतांबराच्या चुण्यासुद्धा त्यात दिसत होत्या. मी तो चमच्याने काढला तर दुधाच्या सायीसारखा गोळा झाला, फरक एवढाच की ही साय ताणली तर ताणली जात होती. प्लास्टिक इमल्शन. भिंतीला देतात ना, तेच.

माती खरी आणि रंग खोटा, असं असू शकतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मूर्ती घेताना आपण एकच प्रश्न विचारतो, ‘शाडूची आहे का?’ आणि दुकानदार एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. त्याला मी दोष देत नाही.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की मांडवात जायचंच नाही, करणाऱ्याकडे जायचं. आणि श्रावणात नाही, मे महिन्यात. हे महिन्याचं गणित मला एका कोल्हापूरच्या मैत्रिणीने सांगितलं, तिचं माहेर कुंभार गल्लीच्या जवळ. ती म्हणाली, “गणपतीच्या आठ दिवस आधी कारखान्यात गेलीस तर सगळ्या मूर्ती रंगवलेल्याच दिसणार. रंगाखाली काय आहे ते तेव्हा ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. ओली माती बघायची असेल तर उन्हाळ्यात जा.” प्लास्टरची मूर्ती साच्यातून तासाभरात निघते आणि दोन-तीन दिवसांत रंगाला तयार होते, त्यामुळे ती शेवटपर्यंत करता येते. मातीची मूर्ती सावलीत आठ-पंधरा दिवस वाळवावी लागते, आणि पावसाळी हवेत त्याहून जास्त. घाई केली, उन्हात ठेवली, की तडा गेलाच. म्हणून मातीचं काम करणारा माणूस उन्हाळ्यात कामाला लागलेला असतो, आणि जुलै संपता संपता नव्या ऑर्डरला ‘नाही’ म्हणतो. हे ‘नाही’ मला आता कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा भरवशाचं वाटतं.

कोकणात ही पारख व्यवहारातच मुरलेली आहे. सिंधुदुर्गात बऱ्याच घरचा पाट आधीच गणपतीच्या शाळेत जातो आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. येता-जाता लोक ती ओली बघतात. तिथे ‘खरी की खोटी’ हा प्रश्न कोण विचारणार? आम्हा शहरातल्यांचा पाट कपाटावर पडलेला असतो, म्हणून आम्हाला परीक्षा घ्याव्या लागतात.

मी गेले पेणला. पेण म्हटलं की गणपती, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पेण म्हटलं की माती असं समीकरण मांडून गेलात तर फसाल. गावात आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे भागात घरोघरी कारखाने आहेत, आणि त्यांत प्लास्टरचे भरपूर आहेत. ‘पेणची मूर्ती’ या शब्दांत ती कशाची, हे सांगितलेलं नसतं. शिवाय शाडूही पेणची नव्हे, ती येते गुजरातेतून, भावनगरकडून, ट्रकने. ‘आपल्या मातीतला गणपती’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. मला स्वतःला त्याने थोडी चुटपुट लागली, नाही म्हणत नाही.

प्लास्टरचा कारखाना दारातच कळतो. जमीन, पत्रे, माणसांच्या भुवया सगळं पांढरं. कोपऱ्यात काथ्याचा ढीग आणि रबरी साचे. मातीच्या कारखान्यात करडा ओलेपणा असतो, आणि ओल्या गोणपाटाखाली मातीचे गोळे झाकून ठेवलेले असतात. तिथे मी एक चूक करता करता वाचले. ज्यांच्याकडे शेवटी मूर्ती घेतली त्या काकांच्या कोपऱ्यातही प्लास्टरची गोणी होती. मी लगेच तोंड वाकडं केलं. काका हसले.

“ते साच्यासाठी. साचा प्लास्टरचाच लागतो, ताई. तो मातीतलं पाणी ओढून घेतो, मग माती सुटून येते. साचा प्लास्टरचा, गणपती मातीचा.”

त्यांनी मला एक तुकडा दिला, वाळलेल्या पण मोडलेल्या मूर्तीच्या बैठकीचा. मग दुसरा दिला, शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेला प्लास्टरचा. “आता तुम्हीच सांगा कुठला कुठला.” रंगाशिवाय दोन्ही सारखेच दिसत होते, एक जरा जास्त पांढरा इतकंच. मग त्यांनी जे दाखवलं ते मी आजवर दहाजणांना तरी शिकवलंय, कारण त्याला ना ऍसिड लागतं ना यंत्र.

मूर्तीची बैठक उलटी करायची. तिथे रंग नसतो, निदान नसावा. नाण्याच्या कडेने चिमूटभर भुकटी खरवडून तळहातावर घ्यायची. दोन थेंब पाणी घालून अंगठ्याने चोळायची. माती असेल तर आधी बुळबुळीत लागते, साबणासारखी, आणि मग चिकट होऊन तिची गोळी होते. त्या गोळीची वळी करायची, काडेपेटीतल्या काडीइतकी बारीक. माती वळते. प्लास्टरची भुकटी वळत नाही, कितीही चोळा, ती ओल्या दंतमंजनासारखी रवाळच राहते आणि पाणी सुकलं की पुन्हा भुकटी होते. तिसरा प्रकार म्हणजे भेसळ, मातीत प्लास्टर मिसळलेलं, म्हणजे मूर्ती लवकर सुकते आणि तडकतही नाही. त्याची गोळी होते, पण वळी करायला गेलं की तुटते आणि बोटाला पांढरे कण टोचतात. असं का होतं, तर मातीचे कण चपटे असतात, पाण्यात ते एकमेकांवरून घसरतात. प्लास्टर एकदा घट्ट झालं की त्याचे बारीक स्फटिक एकमेकांत अडकलेले असतात. ते दळले तरी स्फटिकच, पाणी घातल्याने त्यांची माती होत नाही.

काकांनी दोन परीक्षा निकालात काढल्या. जिभेला लावून चिकटते का बघायचं, ही जुन्या लोकांची परीक्षा. माती चिकटते, पण प्लास्टरही चिकटतं, दोन्ही पाणी ओढतात. व्हिनेगर टाकून फसफसतं का बघायचं, ही फोनवर फिरणारी परीक्षा. प्लास्टर फसफसत नाही. फसफसतो तो खडू, आणि तो रंगाच्या खालच्या पांढऱ्या थरात असतो, मूर्ती मातीची असो की प्लास्टरची. म्हणजे ती परीक्षा खऱ्याला खोटं ठरवणार. आणि बैठकीला खालून कागद किंवा पुठ्ठा चिकटवलेला असेल, तर तो का चिकटवलाय हे विचारायचं. सरळ उत्तर मिळालं नाही तर मूर्ती खाली ठेवायची.

भाजलेल्या मातीचा एक वेगळाच घोटाळा आहे. ती मातीच, पण एकदा भट्टीत गेली की पाण्यात कधी सुटत नाही. लाल रंगावर भाळून ती बादलीत टाकू नये.

आता रंग. माझ्या सायीचं दुःख मी काकांना सांगितलं. त्यांनी मला रंगांच्या वाट्या दाखवल्या, आणि त्यांत काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते माझ्या लक्षात राहिलं. पोपटी नव्हता. राणी गुलाबी नव्हता. सोनेरी नव्हता. गेरू, काव, पिवडी, काजळी, शंखजिरं, थोडी हळद, आणि शेंद्रीच्या बियांचा केशरी. बांधणीला बाभळीचा डिंक, कधी चिंचोक्याची खळ. म्हणजे बहुतेक रंग वनस्पतींचे नव्हेतच, मातीचे आणि दगडाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही फुलं, साली, पानं, मुळं, बिया यांच्या जोडीने खनिजं आणि रंगीत दगड आहेत. निव्वळ वनस्पतींच्या रंगांत अख्खी मूर्ती रंगवली असं कोणी सांगितलं, तर मी आता थबकते. बिटाचा रंग चार दिवसांत तपकिरी पडतो, पालकाचा हिरवा मळकट होतो. आठवडाभर टवटवीत राहिलेला पालकाचा हिरवा मी अजून पाहिलेला नाही.

“मग निळा कशाचा करता?” मी विचारलं.

“करतच नाही. लोक म्हणतात नीळ घाला. पण बाटलीतली नीळ ही झाडाची नाही, कारखान्याची. झाडाची नीळ परवडत नाही.”

नावांचा हा फसवेपणा रंगांत फार आहे. शेंद्री आणि शेंदूर हे दोन शब्द जवळजवळ ठेवले तर कानाला भावंडं वाटतात. शेंद्री झाडाच्या बियांची, शेंदूर शिशाचा. हिंगूळ जमिनीतूनच येतो, पण त्यात पारा असतो. हरताळही खनिजच, आणि त्यात आर्सेनिक. पोथीतली चूक झाकायला हरताळ फासत, त्यावरून वाक्प्रचार पडला, पण तो विषारी पदार्थ आहे हे वाक्प्रचारातून कळत नाही. तेव्हा ‘नैसर्गिक रंग’ एवढं ऐकून समाधान मानू नये, रंगाचं नाव विचारावं. काकांना प्रत्येक वाटीचं नाव सांगता येत होतं. मांडवातले ‘इको कलर’वाले एवढंच म्हणतात, ‘वॉटर कलर आहे ताई.’

वॉटर कलरचीही एक खूण आहे, आणि तिची मर्यादाही. ओला कापूस मूर्तीच्या पाठीमागे हलकेच फिरवायचा. डिंकाचा रंग कापसावर येतो, प्लास्टिकचा येत नाही. पण शाळकरी पोस्टर कलरही कापसावर येतो आणि तो वनस्पतींचा नसतो. म्हणजे कापूस पांढराच राहिला तर रंग नक्की चुकीचा, पण कापूस रंगला तर अजून काही सिद्ध झालेलं नाही. हळदीची मात्र पक्की परीक्षा आहे. पानाला लावतात तो चुना चिमूटभर, चमचाभर पाण्यात कालवून निवळू द्यायचा. वरच्या निवळीत कापसाचं टोक बुडवून पिवळ्या रंगाला, पीतांबराच्या मागच्या बाजूला, टेकवायचं. हळद असेल तर तिथे लगेच तांबूस डाग पडतो. हळद-चुन्याचं कुंकू करतात ना, तेच. काही झालं नाही तर तो पिवडीचा किंवा कारखान्यातला पिवळा. कोणीतरी मला नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरायला सांगितलं होतं, चमकला की रासायनिक. त्या दिव्यात हळदही चमकते. स्वयंपाकघरात करून बघा.

काकांची मूर्ती मांडवातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग पडली आणि घरी आणली तेव्हा मुलगी म्हणाली, “हा फिका दिसतोय.” होता खरा फिका. खिडकीकडच्या बाजूचा हळदीचा पीतांबर पाच दिवसांत आणखी उतरला, ऊन लागलं की हळद टिकत नाही. सासूबाईंना मात्र तो आवडला. त्यांच्या लहानपणी असाच असे म्हणे. आणि बादलीत तासाभरातच त्याचे खांदे ढळले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर स्वच्छ, किंचित पिवळसर पाणी आणि तळाशी करडी, मऊ माती. साय नव्हती.

जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र तेव्हा दिली नाही. म्हणजे मांडवात दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी बसणार आणि पाटी वाचायची की बैठक उलटी करायची, हे आपलं आपण ठरवायचं.

ती माती मी जुन्या सुती साडीत बांधून टांगली, पाणी निथळलं, आणि दुसऱ्या वर्षीच्या जपून ठेवलेल्या मातीत मिसळून मोठा गोळा केला. पुढच्या मे महिन्यात तो घेऊन पेणला गेले. वाटलं, काका खूश होतील. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाने अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात, त्याची बातमी मी वाचली होती.

काकांनी गोळ्यातून मूठभर माती तोडली, पाणी लावून अंगठ्याने चोळली, वळी केली, मोडली. पुन्हा चोळली. मग नखाने काहीतरी काढलं आणि उजेडाकडे धरलं. तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा होता, ताणला तर ताणला जात होता.

“राणी गुलाबी,” ते म्हणाले. “हा माझा नव्हे.”

गोळा त्यांनी ठेवून घेतला. दोन दिवस भिजत घालून, पातळ करून फडक्यातून गाळावा लागेल म्हणाले, आणि त्याचे पैसे वेगळे.